नाव दिसत नाही, ठरवलेली रिंगटोन वाजत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. फोन दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही. पण सोसायटीत एकदा कुणाच्या फोनचं काही जमवून दिलं की पुढचे सगळे फोन तुमच्याकडेच येतात. रविवारी सकाळी पार्किंगमधल्या बाकावर दोन-चार जण हमखास वाट बघत असतात. त्यांच्या तक्रारी फिरून फिरून दोनच: "मुलाचा फोन आला तरी नुसता नंबर दिसतो" आणि "तू लावून दिलेली रिंगटोन वाजतच नाही गं." त्यांना तोंडी देते ती उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. मेनूतली नावं फोनवर जशी इंग्रजीत दिसतात तशीच दिली आहेत. तुमच्या फोनवर एखादा शब्द इकडेतिकडे असू शकेल.

नाव न दिसणं आणि रिंगटोन न वाजणं, या दोन वेगळ्या तक्रारी ना?

दहातल्या आठ वेळा एकच. फोन आला की नेटवर्ककडून तुमच्या फोनला फक्त आकडे मिळतात. ते आकडे घेऊन फोन तुमच्या संपर्कयादीत शोधतो. जुळणारी नोंद सापडली तर तिथलं नाव दाखवतो आणि त्याच नोंदीला चिकटवलेली रिंगटोन वाजवतो. सापडली नाही तर नाव नाही, आणि रिंगटोन नेहमीचीच.

म्हणून रिंगटोनची तक्रार घेऊन कुणी आलं तरी मी आधी विचारते, "फोन आला तेव्हा नाव दिसलं होतं का?" नाव दिसलं नसेल तर रिंगटोन पुन्हा पुन्हा लावत बसू नका, आधी नंबर दुरुस्त करा. नाव दिसूनही आवाज नेहमीचाच आला, तरच गडबड रिंगटोनमध्ये आहे.

नंबर सेव्ह केलाय, मी स्वतः टाईप केलाय. तरी नाव का येत नाही?

आमच्या मजल्यावरच्या काकूंचंच उदाहरण देते, कारण तीन चुका एकाच फोनमध्ये सापडल्या होत्या.

काकांचं डायलिसिस चालू आहे. दवाखान्यातून वेळ बदलल्याचा फोन लँडलाइनवरून येतो. तो ओळखू यावा म्हणून काकूंनी "दवाखाना" अशी नोंद केली होती आणि मी तिला मोठ्या घंटेचा आवाज लावून दिला होता. घंटा एकदाही वाजली नाही. अनोळखी नंबर म्हणून काकू फोन उचलायच्या नाहीत, आणि दोनदा रिकाम्या हाताने परत यावं लागलं.

मी त्यांच्या कॉलच्या यादीत गेले आणि त्या वेळेचा नंबर दाबून तपशील उघडला. आलेला नंबर होता `+91 253 2XXXXXX`. काकूंनी सेव्ह केला होता `2XXXXXX`, नुसते सात आकडे. दवाखान्याच्या फाइलवर तसाच छापलेला होता. गावातल्या गावात लँडलाइनवरून लँडलाइनला फोन करायचो तेव्हा सात आकडे पुरत. मोबाइलला मात्र आपण नाशिकचे आहोत हे ठाऊक नसतं, त्याला 253 लागतोच. सात आकड्यांवर मोबाइलवरून उलट फोनही लागत नाही, पण काकूंनी तो कधी लावूनच पाहिला नव्हता.

नंबर `+91 253 2XXXXXX` असा करून दिला. एसटीडी कोड 0253 आहे, त्यातलं पुढचं शून्य `+91` नंतर येत नाही. `+91 0253` असं लिहिलं की पुन्हा घोळ. हे शून्य फक्त देशातल्या देशात फिरवण्यासाठी असतं. एक तर `0253` ने सुरू करा, नाहीतर `+91253` ने. मी दुसरंच सांगते, कारण ते कुठूनही चालतं.

दोन दिवसांनी काकू पुन्हा दारात. "अगं, आज परत नुसता नंबरच आला." यादी पाहिली तर शेवटचे दोन आकडे वेगळे. मोठ्या दवाखान्यात, ऑफिसात, शाळेत एकाच ठिकाणी अनेक लाइनी असतात. आपण ज्या नंबरवर फोन करतो तो एक, आणि तिथून आपल्याला येतो तो दुसराच. त्यावर उपाय म्हणजे आलेला प्रत्येक नवा नंबर त्याच "दवाखाना" या नोंदीत दुसरा, तिसरा नंबर म्हणून घालणं. कॉलच्या यादीत तो नंबर दाबला की आधीच्या नोंदीत जोडण्याचा पर्याय येतो, `Add to contact` किंवा तशाच नावाचा. नवी नोंद करू नका. रिंगटोन नोंदीला लागते, नंबराला नाही, त्यामुळे आत घातलेल्या सगळ्या नंबरांना तीच घंटा वाजते. काकूंच्या "दवाखाना" मध्ये आता चार नंबर आहेत.

तिसरी चूक सिमची होती. ती पुढे सांगते.

मग मोबाइल नंबर कसे लिहायचे? दहा आकडे पुरत नाहीत का?

बहुतेक वेळा पुरतात. फोन उजवीकडून आकडे जुळवून बघतो आणि तुमचं सिम भारतातलं आहे हे धरून चालतो. त्यामुळे दहा आकडे, शून्य लावून दहा आकडे किंवा `+91` लावून दहा आकडे, तिन्ही सहसा ओळखले जातात. घोटाळा होतो तो अर्धवट लिहिलेल्या रूपांत. अधिकचं चिन्ह न लावता नुसतं `91` आणि पुढे दहा आकडे, किंवा `091`, किंवा एकाच रकान्यात तिरकी रेघ मारून लिहिलेले दोन नंबर. हे शेवटचं कागदी डायरीतून उतरवणारे आजोबा हटकून करतात. फोनला तो एकच लांबलचक नंबर वाटतो.

मुलगा दुबईला असेल तर तिथल्या लोकांसारखा शून्याने सुरू होणारा नंबर लिहू नका. `+971` लिहा आणि त्यातलं पहिलं शून्य गाळा. व्हॉट्सॲपला तर हे लागतंच.

दुरुस्ती केली, पण यादीत अजून नंबरच दिसतोय.

कॉलची यादी जुन्या नोंदींबरोबर तेव्हाचं नाव, किंवा नाव नव्हतं हेसुद्धा, साठवून ठेवते. काही फोनांत ती लगेच बदलत नाही. त्यामुळे जुन्या ओळी पाहून निकाल लावू नका. त्या माणसाला नवीन फोन करायला सांगा आणि वाजतानाच स्क्रीनकडे बघा.

सिममध्ये सेव्ह केलेल्या नावांना रिंगटोन का लागत नाही?

कारण सिमकार्डावर ती ठेवायला जागाच नाही. सिमवरच्या नोंदीत नाव आणि नंबर एवढंच मावतं. फोटो नाही, रिंगटोन नाही. अशा नोंदीवर रिंगटोनचा पर्याय एकतर दिसत नाही किंवा दाबता येत नाही.

मराठीत नावं लिहिणाऱ्यांना यात आणखी एक त्रास आहे. सिमवर नावासाठी जागा मोजकी, कार्डागणिक थोडी कमीजास्त. इंग्रजी अक्षर एका घरात बसतं, देवनागरीला दोन घरं लागतात आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. "सुनीता काकू पंचवटी" असं लिहिलं तर "सुनीता" वरच गाडी थांबायची. मग यादीत तीन सुनीता, आणि कोणती कुठली ते कुणालाच कळत नाही. काकूंच्या फोनमध्ये अर्ध्याहून जास्त नावं सिमवरच होती. दवाखान्याची नोंद फोनमध्ये होती म्हणून निदान तिला घंटा लावता तरी आली. मुलाच्या नोंदीला लागतच नव्हती.

उपाय म्हणजे नावं सिममधून गूगल खात्यात आणणं. गूगलच्या `Contacts` ॲपमध्ये खालच्या `Organize` या टॅबवर सिममधून आणण्याचा पर्याय आहे. जुन्या आवृत्तीत त्याच टॅबचं नाव `Fix & manage` आहे. कोणत्या खात्यात आणायचं ते विचारेल तेव्हा स्वतःचा जीमेल निवडा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये संपर्कांच्या पानावर `Import SIM Contacts` आहे. सगळी नावं नीट आली हे तपासल्यावर सिमवरच्या प्रती काढून टाका. त्या राहिल्या तर पुढचा प्रश्न उभा राहतो.

एकाच माणसाची दोन-दोन नावं आहेत. त्याने काही बिघडतं का?

बिघडतं. एक "आई", एक "Aai", आणि एक सिममधून आलेली "AAI NSK". नंबर तिघींचा तोच. रिंगटोन तुम्ही लावली "आई"ला, पण फोनने जुळवलं "AAI NSK"शी. आवाज नेहमीचा, आणि नाव दिसतंय म्हणून आपल्याला कारण समजत नाही. स्क्रीनवर नाव नेमकं कोणत्या लिपीत, कोणत्या स्पेलिंगमध्ये आलं ते बघा. तिथेच उत्तर असतं.

`Organize` मध्येच `Merge & fix` आहे, तो सारख्या नोंदी एकत्र करून देतो. नाव एकदम वेगळं असेल तर त्याला कळत नाही, तेव्हा यादीत दोन्ही नोंदी निवडून `Merge` करा. आयफोनवर अलीकडच्या आवृत्त्यांत संपर्कयादीच्या वर `Duplicates Found` असं आपोआप येतं. एकत्र केल्यावर रिंगटोन एकदा तपासा, कधीकधी ती नव्याने लावावी लागते.

एरवी सगळं नीट चालतं, पण कधीतरी सकाळचा पहिलाच फोन नुसत्या नंबराने येतो. असं का?

हा प्रश्न माझा स्वतःचाच होता. गेल्या पावसाळ्यात सकाळी साडेसहाला माझा फोन वाजला, आवाज नेहमीचा, स्क्रीनवर नुसता नंबर. मी कूस बदलून झोपले. फोन भावाचा होता. बाबांना घेऊन तो नाशिकरोड स्टेशनवर उभा होता आणि मी गाडी घेऊन यायचं ठरलेलं होतं. त्याच्यासाठी वेगळी रिंगटोन लावलेली, नंबर बरोबर, तरीही.

कारण साधं निघालं. रात्री अपडेट होऊन फोन आपोआप बंद होऊन सुरू झाला होता. फोन सुरू झाल्यावर तुम्ही पहिल्यांदा पॅटर्न किंवा पिन टाकेपर्यंत आतली माहिती कुलूपबंद असते, आणि संपर्कयादीही त्यातच येते. फोन वाजू शकतो, पण नाव कुठून आणणार? माणसाला लावलेली रिंगटोनही मिळत नाही. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींत हेच.

खात्री करायची तर फोन बंद करून सुरू करा, कुलूप उघडू नका आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. नंबरच दिसेल. मग पिन टाका आणि पुन्हा रिंग द्या. हा बिघाड नाही, त्यामुळे दुरुस्तीही नाही. झोपण्याआधी "अपडेट रात्री करू का" असं फोनने विचारलं तर नको म्हणा आणि दिवसा स्वतः करा. काही फोनांत, विशेषतः सॅमसंगमध्ये, ठरावीक वेळी आपोआप रिस्टार्ट व्हायची सोय असते. घरात कुणी आजारी असेल तर ती बंद ठेवा. आणि बाहेरगावच्या आईवडिलांचा फोन तुम्ही दुरुस्त करून रिस्टार्ट केलात तर पिन टाकल्याशिवाय त्यांच्या हातात देऊ नका.

एका दिवसात सगळीच नावं गेली. एकूण एक नंबर!

घाबरू नका, नावं बहुधा आहेत, फोनला ती वाचता येत नाहीत. आधी संपर्कांचं ॲप उघडा.

तिथे नावं दिसत असतील तर फोनच्या ॲपची परवानगी गेली आहे. सेटिंग्ज, मग `Apps`, मग `Phone`, मग `Permissions`, आणि तिथे `Contacts` ला `Allow`. कॉल दाखवणारं दुसरंच एखादं ॲप घेतलं असेल तर `Default apps` मध्ये `Phone app` कोणतं आहे ते बघा. परवानगी त्याच ॲपला हवी.

तिथेही नावं नसतील तर खात्याचं सिंक बंद आहे किंवा खातंच निघालं आहे. संगणकावर किंवा दुसऱ्या फोनवर `contacts.google.com` उघडून नावं आहेत का पाहा. असतील तर फोनमध्ये खातं पुन्हा घाला आणि सिंक चालू करा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये संपर्कांची खाती उघडून आयक्लाउड आणि जीमेल, दोन्हीकडे `Contacts` चालू आहे ना ते बघा.

एक काम मात्र करू नका. कुणीतरी सांगतं, "कॉन्टॅक्ट स्टोरेजचा डेटा क्लिअर कर, होईल नीट." आमच्याच इमारतीतल्या एका दादांनी दुकानात तसं करू दिलं. फक्त फोनमध्ये असलेली, कुठल्याच खात्यात नसलेली त्यांची दोनशेच्या वर नावं गेली. `Clear cache` चालतं. `Clear data` ला हात लावण्याआधी नावं खात्यात आहेत याची खात्री करा.

आता सांगा, अँड्रॉइडवर एका माणसाला वेगळी रिंगटोन कशी लावायची?

गूगलच्या `Contacts` मध्ये त्या माणसाचं नाव उघडा, वर उजवीकडचे तीन ठिपके दाबा, `Set ringtone` निवडा. यादीतला आवाज घ्या किंवा अधिकचं चिन्ह दाबून स्वतःची फाइल घ्या. सॅमसंगच्या संपर्क ॲपमध्ये वाट थोडी वेगळी आहे: नाव उघडून `Edit`, खाली `View more`, मग `Ringtone`.

स्वतःची फाइल घेताना ती कुठे ठेवली आहे याकडे लक्ष द्या. व्हॉट्सॲपवर आलेला ऑडिओ तिथूनच निवडला आणि महिन्याभराने जागा करायला व्हॉट्सॲप साफ केलं, की रिंगटोन मुकाट्याने नेहमीची होते. कुठलीही सूचना येत नाही. मेमरी कार्डावरची फाइल कार्ड काढलं की जाते. म्हणून फाइल आधी फोनच्या `Ringtones` या फोल्डरमध्ये कॉपी करा, मग लावा.

आणि आयफोनवर?

नाव उघडा, `Edit`, मग `Ringtone`. त्याच पानावर वरच्या बाजूला `Haptics` आहे, जुन्या आवृत्तीत त्याला `Vibration` म्हणतात. `Create New Vibration` दाबलं की रिकामी स्क्रीन येते. बोटाने टिचकी मारली की छोटा झटका, दाबून धरलं की सलग कंप, बोट उचललं की थांबा. काही सेकंदांत खालची पट्टी भरते. मग नाव देऊन सेव्ह करा.

मी माझ्या मैत्रिणीला तिच्या सासूबाईंसाठी लांब, छोटा, छोटा, लांब असा ठोका करून दिला. ती शाळेत शिकवते, फोन पर्समध्ये असतो. पहिल्या प्रयत्नात तिने झिम्म्याच्या तालावर फार भराभर टिचक्या मारल्या, पर्समधून नुसती घरघर जाणवायची. ठोक्यांमध्ये निदान अर्धा सेकंद मोकळा सोडा आणि एकूण ठोके चारच्या वर नेऊ नका. कंपच येत नसेल तर सेटिंग्जमध्ये `Accessibility`, त्यात `Touch`, त्यात `Vibration` चालू आहे का ते बघा.

अँड्रॉइडवर माणसागणिक वेगळं कंपन लावता येतं का? सातपूरला मशीनच्या आवाजात रिंग ऐकूच येत नाही.

इथे खरं तेच सांगते: साध्या अँड्रॉइडच्या संपर्कांत तशी सोय नाही. सॅमसंगच्या काही मॉडेलांत संपर्क बदलताना रिंगटोनच्या जवळच कंपनाचा नमुना मिळतो. तुमच्या फोनमध्ये ती ओळ नसेल तर शोधत बसू नका.

व्हॉट्सॲपवर मात्र अँड्रॉइडमध्ये ती सोय आहे. त्या व्यक्तीच्या माहितीच्या पानावर `Notifications` मध्ये जाऊन कॉलसाठी वेगळी रिंगटोन आणि `Vibrate` मध्ये `Short`, `Long` किंवा `Off` निवडता येतं. सातपूरच्या एका दादांनी घरच्यांशी तसंच ठरवलं. अडचणीचा फोन असेल तर व्हॉट्सॲपवरून करायचा, त्याला `Long`. बाकी सगळ्यांना `Off`. आता खिशात लांब कंप आला की ते मशीन थांबवून बाहेर येतात. फक्त शेडमध्ये इंटरनेट नीट मिळतं का ते आधी बघावं लागलं.

हेही लक्षात ठेवा की संपर्कयादीत लावलेली रिंगटोन व्हॉट्सॲप कॉलला लागू होत नाही. तिथे वेगळी लावावी लागते. "रिंगटोन कधी वाजते, कधी वाजत नाही" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचं कारण हेच असतं.

आवाज कोणता निवडावा?

गाणं लावायचं असेल तर सुरुवात कापून टाका. बऱ्याच गाण्यांत पहिले आठ-दहा सेकंद संथ तंबोरा किंवा बासरी असते, आणि तेवढ्यात समोरचा फोन ठेवून मोकळा होतो. आवाज पहिल्या क्षणापासून भरलेला हवा.

वयस्कर माणसांसाठी बारीक किणकिण टाळा. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा आधी उंच स्वर जातात, त्यामुळे चांदीच्या घंटीपेक्षा देवळातली जड घंटा जास्त उपयोगी.

माझी सगळ्यात आवडती युक्ती माणसाच्या आवाजाची आहे. पंचवटीतल्या एका आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी, स्क्रीन वाचता येईना. नातवाकडून रेकॉर्डरमध्ये बोलून घेतलं: "आजी, मी बोलतोय, फोन उचल." त्याच वाक्याच्या तीन आवृत्त्या एकापाठोपाठ, मध्ये थोडी शांतता. मुलीचा वेगळा, डॉक्टरांकडच्या फोनला मुलाच्या आवाजात "दवाखाना, दवाखाना." आजी नुसत्या आवाजावर फोन घ्यायच्या आणि बाकीचे वाजू द्यायच्या. पट्टी निघाली तरी त्यांनी ते बदलू दिलं नाही.

फोन सायलेंटवर असताना फक्त एका माणसाची रिंग वाजेल का?

वेगळी रिंगटोन लावली म्हणून सायलेंट मोडत नाही. आयफोनवर माणसाच्या `Ringtone` च्या पानावर `Emergency Bypass` हे बटण आहे, ते चालू केलं की सायलेंट असतानाही त्याचा फोन वाजतो. अँड्रॉइडवर फोन पूर्ण सायलेंट करण्याऐवजी `Do Not Disturb` वापरा आणि त्यात कॉलसाठी `Starred contacts` ला परवानगी द्या. मग त्या नावावर चांदणी करा. तिथेच एकच माणूस १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर वाजू देण्याची सोय आहे. आयफोनवर हीच मुदत ३ मिनिटांची आहे. घरच्यांना सांगून ठेवा की खरंच अडलं असेल तर लगेच दुसऱ्यांदा करा.

नवा फोन घेतला. नावं आली, रिंगटोन गेल्या.

अँड्रॉइडवर असं होतं. नाव आणि नंबर गूगल खात्यात जातात, रिंगटोनची नोंद त्या फोनपुरतीच राहते. जुना फोन देऊन टाकण्याआधी कुणाला कोणता आवाज लावला आहे ते कागदावर लिहा आणि `Ringtones` फोल्डर नव्या फोनमध्ये कॉपी करा. पाच-सहा माणसांचंच असतं, दहा मिनिटांत होतं. पंधरा-वीस जणांना वेगवेगळे आवाज लावणाऱ्यांना मी विचारते, तुम्हाला स्वतःला तरी ते ओळखू येतात का?

सेव्ह न करताच फोन करणाऱ्याचं नाव दिसणार म्हणतात, ते काय?

ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये तशी शिफारस केली. सिम घेताना भरलेल्या माहितीतलं नाव कंपनीनेच समोरच्याला दाखवायचं, अशी ती कल्पना आहे. पण ते नाव सिमच्या मालकाचं. आमच्या दूधवाल्याचं सिम त्याच्या भावाच्या नावावर आहे, आणि सोसायटीतल्या निम्म्या आज्यांची सिम मुलांच्या नावावर. शिवाय असं बाहेरून आलेलं नाव तुमच्या संपर्कयादीत नसतं, त्यामुळे त्याला रिंगटोन लावता येत नाही. दूधवाल्याला भोंगा लावायचा असेल तर त्याचा नंबर सेव्हच करावा लागेल, `+91` लावून, गूगल खात्यात, सिमवर नाही.